गिळलं ते नाणंच होतं का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बऱ्याच घरांत सारख्याच व्यासाच्या दोन चकत्या असतात. एक म्हणजे नव्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं, व्यास २० मिलिमीटर. दुसरी म्हणजे सेलवर चालणाऱ्या पणतीच्या बुडाशी बसवलेला गोल बटण सेल. यातला नेहमी दिसणारा सेल सीआर २०३२ जातीचा असतो आणि त्याचं मापही त्याच्या नावातच आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. रांगत्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाने यातलं काहीही गिळलं, तरी ते घशाखाली एकाच जागी अडकू शकतं आणि मूल सुरुवातीला सारखंच दिसतं. पण नाण्यासाठी बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबता येतं. सेल मात्र दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

या फरकाविषयी नीट समजून घ्यायला मी जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. गिळलेल्या आणि नाकाकानात घातलेल्या वस्तू काढणं हे त्यांचं रोजचं काम. दिवाळीच्या आठवड्यात असे पेशंट येतातच, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. कुटुंबाची ओळख पटेल असं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अडीच वर्षांचा मुलगा. संध्याकाळची पूजा नुकतीच आटोपलेली. चौरंगावर ताम्हनात नाणी मांडलेली होती, भोवती मातीच्या पणत्या आणि मुलांचा हात भाजू नये म्हणून दोन-तीन सेलच्या पणत्या. आठच्या सुमारास आजीला उबळ आल्यासारखा आवाज ऐकू आला. तिने वळून पाहिलं तर मुलगा तोंडात बोटं घालून ओकारी काढत होता. मिनिटभरात तो शांत झाला. पोटाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘पैसा’. आजीने पाठीवर हात फिरवला आणि काकूने लगेच अर्धं केळं भरवलं, म्हणजे जे काही असेल ते खाली सरकेल. केळं त्याने खाल्लं. त्यामुळे घरच्यांचा जीव भांड्यात पडला, पण आईला राहवेना. नऊच्या आत ते दवाखान्यात पोचले.

‘मी आधी त्याच्याकडे बघते, मग घरच्यांशी बोलते,’ डॉक्टर म्हणाल्या. बघायचं ते एवढंच : श्वास घेताना आवाज येतोय का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, आवाज बसलाय का, ओठ निळसर आहेत का आणि तोंडातून लाळ गळतेय का. पहिल्या चार खुणांचा अर्थ वस्तू श्वासनलिकेत आहे किंवा बाहेरून तिला दाबतेय. अशा वेळी एक्स-रेची रांग, फाईल, पैसे हे सगळं नंतर. लाळ गळत असेल तर अन्ननलिका पुरती बंद झाली आहे, मुलाला थुंकीही गिळता येत नाही. नाणं असलं तरी असं मूल रात्रीच मोकळं करावं लागतं. या मुलाला यातलं काही नव्हतं. तो खेळत होता आणि दवाखान्यातला मासा बघायला स्टुलावर चढत होता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती घरीच करायची आहे. वस्तू घशात अडकून मुलाचा श्वासच थांबत असेल, त्याला रडता किंवा खोकता येत नसेल, तर दवाखान्याकडे धावायला वेळ नसतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्यायच्या. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब. हे आळीपाळीने करत राहायचं. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा आणि मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. मूल बेशुद्ध पडलं तर लगेच छातीवर दाब देत कृत्रिम श्वास सुरू करायचा. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. मूल जोरात खोकत असेल तर यातलं काहीच करायचं नाही, त्याला खोकू द्यायचं. आणि वस्तू डोळ्यांना दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, कारण त्याने ती आणखी खाली जाते.

मुलगा ठीक आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आईला. ‘गिळताना कुणी बघितलं का?’ आजी म्हणाली, ‘पैसा म्हणाला ना तो.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘आजी, अडीच वर्षांच्या पोराला सगळं गोल चकचकीत म्हणजे पैसाच. घरी फोन लावा आणि प्रत्येक पणतीचं झाकण उघडून बघायला सांगा. सेल मोजा. ताम्हनातली नाणीही मोजा.’

फोन चालू असतानाच मुलाला एक्स-रेला नेलं. मुलांच्या बाबतीत मान ते पोट असं एकाच फिल्मवर घ्यायला सांगतात. नुसता छातीचा एक्स-रे काढला तर घशात वर अडकलेलं किंवा पोटात उतरलेलं काही सुटून जाऊ शकतं. समोरून एक आणि कुशीवरून एक, असे दोन फोटो. हा दुसरा फोटो काढायचा कंटाळा केला जातो, आणि नेमकं त्यातच बरंच काही असतं.

समोरून घेतलेल्या फोटोत अन्ननलिकेतलं नाणं पूर्ण गोल दिसतं, कुशीवरून घेतलेल्यात एक बारीक रेघ. सेलही समोरून गोलच दिसतो. पण नीट पाहिलं, फोटो मोठा करून पाहिलं, तर त्याच्या कडेच्या आत आणखी एक फिकट वर्तुळ दिसतं, गोलात गोल. कारण सेल दोन भागांचा असतो, एक वाटी आणि तिच्यावर बसवलेलं थोडं लहान झाकण. कुशीवरून घेतलेल्या फोटोत त्याच कारणाने कडेला एक पायरी दिसते. नाण्याची कड सरळ असते. फोटो हलला, लहान दिसला, रात्रीच्या घाईत मोबाइलवरून पाठवला गेला, की हे आतलं वर्तुळ हातून निसटतं. अगदी पातळ सेलमध्ये तर ते स्पष्ट दिसतच नाही. म्हणून एक्स-रेच्या जोडीला घरी काय कमी झालंय, हे कळणं तितकंच महत्त्वाचं असतं.

पाच मिनिटांत घरून फोन आला. सगळ्या पणत्यांत सेल जागेवर होते. ताम्हनात एक रुपयाचं एक नाणं कमी होतं. फिल्मवरही कड एकेरी आणि सरळ होती. नाणं छातीच्या खालच्या भागात, जठराच्या तोंडाच्या थोडं वर थांबलेलं होतं.

अन्ननलिकेत नाणं अडकायच्या जागा तीन. गळ्याखाली, हसळीच्या हाडाच्या पातळीवर, ही सगळ्यात नेहमीची. दुसरी छातीच्या मध्यावर, जिथे हृदयातून निघालेली महारोहिणी तिला ओलांडते. तिसरी जठराच्या दाराशी. जितकं खाली, तितकी आपोआप उतरायची शक्यता जास्त. मुलाला त्रास नसेल आणि वस्तू नाणंच असल्याची खात्री असेल, तर साधारण २४ तासांपर्यंत वाट पाहता येते. अन्ननलिकेत थांबलेल्या नाण्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा तेवढ्या वेळात स्वतःच पोटात जातो. २४ तासांच्या पुढे मात्र थांबायचं नाही, कारण एका जागी बसलेलं नाणं अस्तरात रुततं. कधी गिळलं हेच माहीत नसेल, मूल काही दिवसांपासून घन पदार्थ नको म्हणतंय किंवा त्याचा खोकला जात नाही, असं असेल तर हे २४ तास धरायचेच नाहीत.

डॉक्टरांनी मुलाला दाखल करून घेतलं आणि सकाळी दुर्बिणीने नाणं काढायचं ठरवलं. वडील म्हणाले, ‘आत्ताच काढून टाका ना डॉक्टर.’ इथे काकूचं केळं आडवं आलं. लहान मुलाच्या अन्ननलिकेत दुर्बीण घालायला पूर्ण भूल द्यावी लागते आणि भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून भूलतज्ज्ञ घन अन्नानंतर सहा तास थांबायला सांगतात. मुलाला धोका असता तर ती जोखीम पत्करून, नळी घालून, तेव्हाच काढलं असतं. पण इथे धोका नव्हता. नाणं गिळल्यावर केळं, भाताचे गोळे, भाकरीचा कोरडा तुकडा भरवायची पद्धत घराघरांत आहे आणि ती भरवणाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण अन्ननलिकेत घट्ट बसलेलं नाणं केळ्याने सरकेलच असं नाही. मधले तास मात्र हमखास वाया जातात आणि लाळही गिळू न शकणाऱ्या मुलाला केळं भरवलं तर ते थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. उलटी काढायचा प्रयत्नही करायचा नाही.

सकाळी साडेसहाला, भूल देण्याच्या आधी, पुन्हा एक्स-रे काढला. ही पायरी कधीच गाळायची नसते. नाणं रात्रीतून जठरात उतरलं होतं. भुलेची गरजच उरली नाही. मुलाला दूध-पोळी खायला घालून घरी पाठवलं आणि पाचव्या दिवशी पोटीत ते नाणं सापडलं.

जठरात पोचलेलं नाणं बहुतेक वेळा असंच बाहेर पडतं. चार-सहा दिवसांत पडतं, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. जेवण नेहमीचं. जुलाबाचं औषध द्यायचं नाही, त्याने काही लवकर होत नाही. शौच तपासायचं आणि दोन आठवड्यांत नाणं दिसलं नाही तर पुन्हा एक्स-रे. अनेकदा ते कधीच बाहेर पडलेलं असतं, घरच्यांच्या नजरेतून सुटलेलं असतं. चार आठवड्यांनीही जठरातच असेल, तर दुर्बिणीने काढतात. मधल्या काळात सतत उलट्या, पोट फुगणं, वाढत जाणारी पोटदुखी, ताप किंवा शौचात रक्त यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. लहान बाळाने मोठं नाणं गिळलं असेल तर मात्र सावध राहायचं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. साधारण २५ मिलिमीटरच्या पुढची नाणी लहान मुलांत जठराच्या पुढच्या दारातून जायला अडतात.

आता त्याच रात्रीचा दुसरा शक्य असलेला शेवट. घरून फोन आला असता, ‘एका पणतीत सेल नाही’, तर डॉक्टरांनी काय केलं असतं? ‘भूलतज्ज्ञांना गाडीत बसायला सांगितलं असतं, केळं खाल्लेलं असो वा नसो,’ त्या म्हणाल्या.

सेल जाळतो तो फुटून किंवा गळून नाही. बहुतेकांना असं वाटतं की आतलं रसायन बाहेर आलं तरच धोका, आणि सेल अख्खा दिसला की ते निर्धास्त होतात. खरं कारण वीज आहे. सेलच्या दोन्ही बाजू अन्ननलिकेच्या ओल्या भिंतींना टेकल्या, की लाळेतून आणि पेशींमधून प्रवाह वाहायला लागतो. त्या प्रवाहाने पाण्याचं विघटन होऊन सेलच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो, नाली साफ करायच्या पावडरीत असतो त्या जातीचा. पेशी त्यात विरघळतात. इजा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटंही पुरतात आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. ऋण बाजू ज्या दिशेला असेल त्या दिशेला ही जखम वाढते : पुढे श्वासनलिका आहे, शेजारी महारोहिणी. रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेला सेलही यातून सुटत नाही. रिमोट चालवायला पुरेसा नसलेला विजेचा दाब अन्ननलिका जाळायला पुरतो.

सेल काढल्यावरही प्रकरण संपत नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटलं. जखम पुढे काही दिवस वाढत राहू शकते आणि महारोहिणीपर्यंत गेलेली जखम दोन-तीन आठवड्यांनीही फुटू शकते. घरी सोडलेल्या मुलाच्या उलटीत किंवा शौचात रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी तत्काळ मोठ्या इस्पितळात. नंतर अन्ननलिका आकसल्याने खाणं अडकायला लागणं, हाही एक परिणाम.

सेल गिळल्याची शंका असेल तर फक्त एक गोष्ट तोंडाने देता येते : मध. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांत मधाने अन्ननलिकेची इजा कमी झाल्याचं दिसलं. तो सेल आणि अस्तर यांच्यामध्ये चिकट थर देतो आणि क्षाराची तीव्रता थोडी मारतो. त्यावरून आजचा सल्ला असा आहे : गिळून बारा तास झालेले नसतील, मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळू शकत असेल, तर इस्पितळाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. एक वर्षाच्या आत मध देत नाहीत, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला विषबाधा होऊ शकते. मध नसेल तर तो आणायला दुकानात जाऊ नका. मधाने मिळतात ती काही मिनिटं. सेल काढायला दुर्बीणच लागते.

सेलसारखीच घाई आणखी दोन गोष्टींत करायची. एकाहून अधिक लोहचुंबक गिळलेले असतील तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत चिरडून भोक पाडतात. मुलाला आज काहीच त्रास नसला तरीही. आणि टोकदार वस्तू, उघडी सेफ्टी पिन किंवा हेअरपिन.

नाकातल्या मण्याचा हिशोब मात्र वेगळा. नाकात घातलेला प्लॅस्टिकचा किंवा काचेचा मणी रात्रभर तिथेच राहिला तरी बहुधा काही बिघडत नाही. बिघडतं ते घरी काढायला गेल्यावर. मणी गोल आणि गुळगुळीत. चिमटा त्याला पकडू शकत नाही, दोन्ही टोकं घसरतात आणि मणी मागे ढकलला जातो. हेअरपिनने, काडीने, कापसाच्या बोळ्याने तेच होतं, वर रक्त येतं, मूल घाबरतं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मणी खोल गेलेला असतो आणि मूल कुणाला चेहऱ्याला हात लावू देत नाही. पहिला प्रयत्न सर्वांत सोपा असतो, म्हणून तो योग्य हातांनी व्हावा. डॉक्टर टोकाला वाकवलेली बारीक सळई मण्याच्या वरून मागे नेतात आणि मणी मागून पुढे ओढतात. मूल नीट धरलेलं असेल तर कामाला अर्धं मिनिट लागतं.

घरी करण्यासारखा एक उपाय आहे, आणि तो मला अतिशय आवडला, कारण तो आईच करू शकते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे डॉक्टर व्लादिमिर क्टिबोर यांनी तो १९६५ साली मांडला. मुलाला सांगायचं, मी तुझा मोठ्ठा पापा घेणार आहे, तोंड उघड. मोकळी नाकपुडी बोटाने दाबून बंद करायची. आपलं तोंड मुलाच्या उघड्या तोंडावर घट्ट लावायचं, हलकेच फुंकायचं आणि आत किंचित अडल्यासारखं वाटलं की एकच जोरदार, आखूड फुंकर मारायची. ते अडणं म्हणजे मुलाने श्वासनलिकेचं झाकण मिटलेलं असतं, त्यामुळे हवा फुफ्फुसात न जाता घशामागून नाकात येते आणि मणी पुढे लोटते. जमलं तर तो आईच्या गालावर येऊन आदळतो. २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात या उपायाच्या प्रसिद्ध झालेल्या केसेसचा आढावा आला. त्यात दहापैकी सहा मुलांत तो यशस्वी ठरलेला होता. आणि जिथे वस्तू पूर्ण निघत नाही, तिथेही ती बरेचदा पुढे येते आणि डॉक्टरांचं काम सोपं होतं. एक-दोनदा करून सोडून द्यावं. मोठ्या, ऐकणाऱ्या मुलाला मोकळी नाकपुडी दाबून शिंकरायला सांगितलं तरी चालतं. तपकीर ओढायला लावू नये. शिंक येण्याआधी मूल जोरात आत ओढतं.

मण्याच्या जागी हरभरा, चिंचोका किंवा शेंगदाणा असेल तर नाकात तेल-पाणी घालायचं नाही. दाणा ओलाव्याने फुगतो आणि घट्ट बसतो, त्यामुळे त्याला त्याच दिवशी दाखवावं. नाकातही बटण सेल गेला असेल तर मात्र रात्र काढायची नाही. नाकाच्या मधल्या पडद्याला तो काही तासांत भोक पाडतो आणि ते भोक कायमचं राहतं. त्याची खूण म्हणजे एका नाकपुडीतून येणारा काळपट स्राव. चुंबकाच्या नथीच्या दोन तुकड्यांनी पडदा दोन्हीकडून दाबला गेला असेल तरी तेवढीच घाई. आणि नाकातला मणी अचानक दिसेनासा झाला, त्याच वेळी मुलाला खोकल्याची उबळ आली किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर तो मागून श्वासनलिकेत गेला असं धरून चालायचं.

बरीच मुलं मात्र सांगतच नाहीत. ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात, किंवा विसरून जातात. मग काही आठवड्यांनी आई सांगते की सर्दी हटत नाही, तोंडाला वास येतो, प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच नाकपुडीतून पिवळा, घाण वासाचा, कधी रक्ताची छटा असलेला शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी आहे असंच समजून बघावं लागतं. स्पंजचा तुकडा सगळ्यात लवकर आणि सगळ्यात वाईट घाण वास मारतो. तो निघाला की वास दोन दिवसांत जातो, औषधाशिवाय.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली. मणी निघाला की घरचे लगेच उठतात आणि मुलाला कडेवर घेऊन दाराकडे वळतात. तेव्हा दोन मिनिटं थांबून दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कानही बघून घ्यायला सांगावं. ज्या मुलाने एक मणी घातला, त्याच्या हातात बहुधा अख्खी माळ होती.